ग्राहकाला कळवायचे कसे : ‘व्हिडिओ कॉपीराइटच्या तपासणीत अडकल्यामुळे उशीर होत आहे’

कॉलरमाइक

नमस्कार. ठाण्यात नौपाड्यात आमचा दोघांचा छोटा स्टुडिओ आहे. मी चित्रीकरण आणि संकलन करतो, माझी भागीदार आवाजाची बाजू सांभाळते. तुर्भ्याच्या एका मसाला व्यापारी कुटुंबाने पेढीला पन्नास वर्षे पूर्ण होत असल्याबद्दल आमच्याकडून सहा मिनिटे चाळीस सेकंदांचा माहितीपट करून घेतला आहे. येत्या १८ तारखेला वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात त्यांचा कार्यक्रम आहे आणि त्याच संध्याकाळी हा व्हिडिओ त्यांच्या यूट्यूब चॅनेलवर खुला करायचा आहे. तो आज, म्हणजे ६ तारखेला, आम्ही त्यांच्या हाती द्यायचा होता.

४ तारखेला आम्ही तो त्यांच्या चॅनेलवर खासगी ठेवून चढवला, तेव्हा पहिल्याच टप्प्यावर कॉपीराइटचा दावा आला. पेढी सुरू करणारे अण्णा (वय ७८) गल्ल्यावर बसून पहिल्या दुकानाची आठवण सांगत आहेत, आणि त्यांच्या मागच्या फळीवरील रेडिओवर १९६१ सालच्या एका हिंदी चित्रपटातील गाणे लागले आहे. २ मिनिटे १२ सेकंदांपासून २ मिनिटे ४९ सेकंदांपर्यंत, म्हणजे सदतीस सेकंद ते ऐकू येते. दाव्यामुळे व्हिडिओ सर्वत्र अडवला गेला आहे. रेडिओ बंद करायला हवा होता, तो मी केला नाही. गाण्याचे हक्क असलेल्या संगीत कंपनीकडे काल परवानगीसाठी ईमेल पाठवला आहे, त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.

ग्राहकाला पाठवण्यासाठी मी पुढील मजकूर लिहिला आहे.

‘आदरणीय महोदय, आपला व्हिडिओ सध्या कॉपीराइट तपासणीच्या प्रक्रियेत असल्यामुळे तो देण्यास थोडा विलंब होत आहे. तपासणी पूर्ण होताच तो आपल्याला पाठवू. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

हा मजकूर पुरेसा आहे का? व्यवहार पाहणाऱ्या त्यांच्या सूनबाई अतिशय नेमक्या आहेत, त्यामुळे पाठवण्यापूर्वी येथे विचारत आहे.

खाडीपल्याड

माझ्या मते मजकूर योग्य आहे. मी छपाईच्या व्यवसायात पंचवीस वर्षे आहे, आणि ग्राहकाला कारणांचा तपशील जितका अधिक द्यावा तितके त्याचे प्रश्न वाढतात, असा माझा अनुभव आहे. फक्त ‘थोडा विलंब’ याऐवजी ‘चार दिवस’ असे लिहावे.

ऐरोलीकर_मावशी

मी ग्राहकाच्या बाजूने लिहिते. माझ्या मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ गेल्या वर्षी आम्ही एका छायाचित्रकाराकडून करून घेतला. तो प्रत्येक वेळी ‘तांत्रिक अडचण आहे, दोन दिवसांत देतो’ असे कळवत राहिला आणि असे दोन महिने गेले. शेवटी व्हिडिओ आला तेव्हा सप्तपदीच्या वेळचा सगळा आवाजच बंद केलेला होता, कारण तेथे त्याने एक चित्रपटगीत लावले होते. त्याने पहिल्या आठवड्यातच खरे सांगितले असते, तर आम्ही म्हटले असते की गाणे काढा आणि गुरुजींचे मंत्र तसेच ठेवा. त्याने मूळ फाइल ठेवली नव्हती, त्यामुळे ते मंत्र आता कोठेच नाहीत. उशीर झाल्याचा मला राग नव्हता. जो निर्णय आमचा होता तो आम्हाला न विचारता घेतला गेला, याचे दुःख अजून आहे.

हक्कसोड

कॉलरमाइक, मी एका संगीत कंपनीच्या परवाना विभागात अकरा वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या मजकुरातील ‘तपासणीच्या प्रक्रियेत’ हे शब्द पुन्हा वाचा आणि स्वतःला विचारा की या क्षणी ही तपासणी नेमके कोण करीत आहे. यूट्यूबच्या यंत्रणेने तुमचा आवाज तिच्याकडे नोंदवलेल्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहिला, तो जुळला, आणि हक्कधारकाने आधीच ठरवून ठेवल्याप्रमाणे व्हिडिओ अडवला. तेथे काम संपले. तुम्ही दाव्याला लेखी हरकत घेतली, तरच तो माणसांसमोर जातो आणि त्यांना उत्तर देण्यासाठी तीस दिवस मिळतात. तुम्ही हरकत घेतलेली नाही, आणि घेऊही नये, कारण गाणे खरोखर त्यांचे आहे. म्हणजे आज कोणीही काहीही तपासत नाही. तुम्ही वाट पाहत बसलात, तर १८ तारीख उलटून गेली तरी स्थिती हीच राहील.

त्या वाक्यामुळे ग्राहकाचा समज असा होईल की प्रकरण कोणत्या तरी कार्यालयात आहे आणि निकाल यथावकाश येईल. प्रत्यक्षात पुढचे पाऊल तुम्हालाच टाकायचे आहे. पत्रात तेच आले पाहिजे.

साठवर्षे

यात मुळात अडचणच नाही, असे मला वाटते. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षे असतो. गाणे १९६१ सालचे असेल, तर मुदत १ जानेवारी १९६२ पासून मोजली जाते आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपते. गाणे आता सर्वांचे आहे. सरळ हरकत नोंदवा, दावा मागे घ्यावाच लागेल. शिवाय रेडिओ केवळ पार्श्वभूमीला होता, तुम्ही तो मुद्दाम लावलेला नाही, आणि पार्श्वभूमीला सहज येणाऱ्या गोष्टींना कायद्यात सूट आहे.

हक्कसोड

साठवर्षे, तुमचे गणित अचूक आहे. फक्त ते एकाच हक्काचे आहे. एका गाण्यात किमान तीन गोष्टी असतात : शब्द, चाल आणि ते गाऊन केलेले मुद्रण. मुद्रणाची मुदत प्रकाशनापासून मोजतात आणि ती तुम्ही म्हणता तशी संपली असेल. शब्द आणि चाल यांची मुदत मात्र कवीच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालते. १९६१ साली ऐन उमेदीत असलेले बहुतेक गीतकार आणि संगीतकार त्यानंतर अनेक वर्षे हयात होते, म्हणजे ते हक्क आजही जिवंत आहेत. रेडिओवर मुद्रण वाजले की शब्द आणि चाल त्यासोबत येतातच. तुम्ही सुचवलेली हरकत फेटाळली जाण्याचीच शक्यता अधिक आहे.

पार्श्वभूमीच्या सुटीबद्दलही तसेच. कलम ५२ मध्ये चित्रपटात पार्श्वभूमीला सहज येणाऱ्या कलाकृतींना सूट आहे हे खरे, परंतु ती चित्रे, शिल्पे, छायाचित्रे अशा दृश्य कलाकृतींसाठी आहे. फळीमागे लावलेल्या दिनदर्शिकेवरील देवाच्या चित्रासाठी तिचा आधार घेता येईल. गाण्यासाठी तो मिळत नाही.

आणखी एक गोष्ट या पत्राशी थेट संबंधित आहे. दावा आणि स्ट्राइक या वेगळ्या गोष्टी आहेत. आज आलेला दावा फक्त या व्हिडिओपुरता आहे. परंतु आधार नसताना हरकत घेतली आणि हक्कधारकाने व्हिडिओ काढून टाकण्याची मागणी केली, तर स्ट्राइक लागते, आणि ती तुमच्या स्टुडिओला न लागता त्या कुटुंबाच्या चॅनेलला लागते. तशा तीन स्ट्राइक लागल्या तर चॅनेल बंद होऊ शकते. दुसऱ्याच्या नावावर जाणारा धोका त्याला न विचारता पत्करणे बरोबर नाही.

साठवर्षे

चालीचा आणि शब्दांचा विचार मी केला नव्हता. हरकत घेण्याचा सल्ला मागे घेतो. तरीही ज्याचे मुद्रण मुक्त झाले आहे, त्याच मुद्रणाच्या आधारे यंत्रणा दावा कसा लावते, हे मला पटलेले नाही.

हक्कसोड

यंत्रणा केवळ आवाज जुळवते, मुदत मोजत नाही. तुमची शंका रास्त आहे, परंतु तिचे उत्तर १८ तारखेपूर्वी मिळणार नाही.

मध्यसप्तक

गाण्याची पट्टी अर्ध्या स्वराने वर नेऊन वेग किंचित वाढवला, तर यंत्रणेला गाणे ओळखता येत नाही, असे मी वाचले आहे. आमच्या मंडळाच्या व्हिडिओंना आम्ही तसेच करतो. हा उपाय करून पाहावा, म्हणजे पत्र लिहिण्याची वेळच येणार नाही.

कॉलरमाइक

मध्यसप्तक, मी अडवणूक चुकवण्याचा उपाय विचारलेला नाही. गाणे आणि अण्णांचे बोलणे एकाच माइकवर आलेले आहे, त्यामुळे गाण्याची पट्टी बदलली की अण्णांचा आवाजही बदलतो. आणि आवाज वेगळे करता आले असते, तरी परवानगीशिवाय वापरलेले गाणे परवानगीशिवायच राहिले असते.

हक्कसोड, तुमचे पहिले उत्तर वाचल्यावर मी मजकूर पाठवणे थांबवले. ‘तपासणी’ हा शब्द मी सोयीसाठी वापरला होता, हे मला मान्य करावे लागेल. त्या शब्दामुळे दोष कोणाचाच उरत नव्हता.

आता एक अडचण सांगतो. भागीदाराने काल गाणे काढून फक्त बोलणे ठेवण्याचा प्रयत्न केला. गाणे जाते, परंतु अण्णांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. यूट्यूबमध्ये गाणे पुसण्याची जी सोय आहे, तिचाही परिणाम जवळपास तसाच आला. तो भाग कापून टाकावा, तर माहितीपटातील सर्वांत आतून आलेले बोलणेच निघून जाते. त्यांचे वडील पहाटे तीन वाजता धन्याची पोती स्वतः उतरवत, हे ते तेथेच सांगतात.

शांत_खोली

मी नाटकांचे ध्वनिमुद्रण करते. ओठांशी जुळवण्याच्या प्रयत्नात पडू नका. अण्णांना तीच आठवण पुन्हा सांगायला लावा, त्याच दुकानात, त्याच माइकवर. नवे बोलणे जुन्या ओठांवर बसणार नाही, म्हणून पहिल्या वाक्यानंतर चित्र त्यांच्या चेहऱ्यावरून हलवून पोती, तराजू, वहीवरचा हात अशा दृश्यांवर न्या आणि शेवटच्या वाक्याला पुन्हा चेहऱ्यावर आणा. तो पहिला आणि शेवटचा तुकडा त्याच दिवशी नव्याने चित्रित करा. अंगात तोच सदरा असावा आणि उजेड साधारण त्याच वेळेचा असावा.

दोन गोष्टी विसरू नका. कोणी काही न बोलता दुकानाचा नुसता आवाज एक मिनिट मुद्रित करून आणा. तो खाली पसरला नाही, तर जोड असलेली जागा लगेच कानाला टोचते. आणि नवी प्रत पुन्हा खासगी ठेवून चढवून पाहा. कानाला न लागणारा गाण्याचा अंश दुसऱ्या माइकच्या पट्टीवर राहून गेलेला असतो, आणि यंत्रणा तो ओळखू शकते. असे माझ्या एका कामात झाले आहे.

खाडीपल्याड

हे सर्व उपयुक्त आहे, परंतु मूळ प्रश्न छोट्या पत्राचा होता. ग्राहकाला शब्द, चाल, मुद्रण, स्ट्राइक हे सर्व सांगू लागलात, तर पत्राचे निबंधात रूपांतर होईल आणि त्या बाई घाबरून वकिलाकडे जातील. मी अजूनही माझ्या मतावर ठाम आहे की कारण एका ओळीत असावे.

सीवूड्स_सायली

खाडीपल्याड काकांशी मी अर्धी सहमत आहे. मी एका कंपनीच्या प्रसिद्धी विभागात आहे आणि अशी पत्रे मला येतात. माझ्यासाठी कारणाची एक ओळ पुरते, परंतु तारखांना आणि निर्णयाला प्रत्येकी स्वतंत्र ओळ लागते. पत्र हाती आल्यावर मी चार गोष्टी शोधते : नेमके काय अडले आहे, माझा कार्यक्रम होणार की नाही, हाती प्रत कोणत्या तारखेला येईल, आणि माझ्याकडून तुम्हाला काय हवे आहे. कॉलरमाइक, तुमच्या मजकुरात यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. ‘तपासणी पूर्ण होताच’ हे वाचून मी नाट्यगृहाचा पडदा आणि प्रोजेक्टर ठेवायचा की रद्द करायचा, हे मला ठरवता आले नसते.

संगीत कंपनीच्या उत्तरावर स्वतःची तारीख मात्र बांधू नका. जी प्रत पूर्णपणे तुमच्या हातात आहे, तिचीच तारीख द्या.

हक्कसोड

सायली यांनी म्हटलेले अगदी योग्य आहे. परवान्याच्या उत्तराला ठरलेली मुदत नसते. आमच्याकडे काही विनंत्या चार दिवसांत निघत, काही दोन महिने पडून राहत, विशेषतः विनंतीत गाणे किती सेकंद वापरले, व्हिडिओ कोठे दाखवणार आणि किती काळ ठेवणार हे लिहिलेले नसेल तर. तुमच्या ईमेलमध्ये ते नसेल, तर आजच पुन्हा पाठवा. मुद्रणाची आणि शब्द-चालीची अशी दोन्ही परवानगी तुम्हाला हवी आहे, हेही स्पष्ट मागा. दोन्ही एकाच कंपनीकडे असतील असे गृहीत धरू नका.

कोपरीचा_दिवा

नाट्यगृहात दाखवायला काय हरकत आहे, हे मला समजलेले नाही. यूट्यूबने यूट्यूबवर अडवले आहे. सभागृहात गाणी वाजवण्यासाठी आयोजक परवाना काढतातच. पेन ड्राइव्हवर गाण्यासह प्रत द्या, १८ तारखेला तीच दाखवा, आणि इंटरनेटवरची प्रत नंतर पाहू.

हक्कसोड

कार्यक्रमात गाणे वाजवण्याचा परवाना वेगळा आणि ते गाणे एखाद्या व्हिडिओत जोडण्याची परवानगी वेगळी. आयोजकांचा परवाना वाजवण्यापुरता असतो. त्यामुळे माहितीपटात बसवलेले गाणे आपोआप मोकळे होत नाही. अडवणूक यूट्यूबवर दिसली, कारण तेथे यंत्रणा आहे. सभागृहात यंत्रणा नसते, हक्क मात्र तेच असतात. येथे एक गोष्ट लक्षात घ्या : मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी व्हिडिओ केला आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७ प्रमाणे त्याचा पहिला मालक तो करवून घेणारा असतो. म्हणजे ती प्रत त्या कुटुंबाच्या मालकीची, आणि तिच्यातील दोषही त्यांच्या दारात.

ऐरोलीकर_मावशी

मग त्यांना सांगितलेच पाहिजे. आणि चूक आपली आहे हेही लिहा.

खाडीपल्याड

चुकीची लेखी कबुली देण्याला माझा विरोध आहे. उद्या त्यांनी पैसे कापले, किंवा परवान्याचे शुल्क तुमच्याकडे मागितले, तर तुमचेच पत्र पुरावा होईल. ‘चित्रीकरणाच्या वेळी रेडिओ सुरू होता’ एवढे सत्य पुरेसे आहे.

सीवूड्स_सायली

काका, रेडिओ त्यांच्याच दुकानात होता. ‘रेडिओ सुरू होता’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला ते स्वतःवर घेतल्यासारखे वाटेल. मी कबुली लिहिली असती. शुल्क कोणी द्यावे, हे मात्र करारात काय लिहिले आहे त्यावर आहे, आणि ते येथे ठरणार नाही.

कॉलरमाइक

आमचा करार दीड पानांचा आहे आणि त्यात गाण्यांबद्दल एकही शब्द नाही. भागीदाराशी बोलून आम्ही कबुली लिहिण्याचे ठरवले. आज सायंकाळी हे पत्र पाठवले.

‘आदरणीय वहिनी,
स. न. वि. वि.
आपला व्हिडिओ आज देण्याचे ठरले होते, तो आज देता येत नाही. अण्णांच्या मुलाखतीत सदतीस सेकंद मागे रेडिओवरील चित्रपटगीत ऐकू येते. त्याचे हक्क दुसऱ्यांकडे असल्यामुळे यूट्यूबने व्हिडिओ अडवला आहे. चित्रीकरणापूर्वी रेडिओ बंद करून घेणे हे आमचे काम होते, ते राहून गेले, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.
गाण्याशिवायची प्रत आम्ही १२ तारखेला आपल्या हाती देऊ. १८ तारखेच्या कार्यक्रमात आणि यूट्यूबवर तीच प्रत वापरता येईल. त्यासाठी ८ किंवा ९ तारखेला सकाळी अण्णांचा दुकानात एक तास हवा आहे. कोणता दिवस सोयीचा आहे ते कळवावे. या कामाचे वेगळे पैसे नाहीत.
गाणे ठेवण्यासाठी आम्ही परवानगी मागितली आहे, परंतु उत्तर कधी येईल हे सांगता येत नाही. १४ तारखेपर्यंत ती लेखी आली, तर शुल्क कळवून आपल्याला विचारू. तोपर्यंत सध्याची प्रत कृपया कोणालाही पाठवू नये.’

खाडीपल्याड

माझ्या अपेक्षेपेक्षा मोठे आहे, परंतु एकही वाक्य काढावेसे वाटत नाही. ‘वेगळे पैसे नाहीत’ हे मी लिहिले नसते.

कॉलरमाइक

१० तारीख. वहिनींचे उत्तर त्याच रात्री आले होते : ‘९ तारखेला सकाळी साडेसात. अण्णांना तोच पांढरा सदरा घालायला सांगते.’ काल मुद्रण झाले. अण्णांनी या वेळी पोत्यांची गोष्ट सांगताना वडिलांचे बोलणेही त्यांच्याच शब्दांत सांगितले, जे पहिल्या वेळी आले नव्हते. दुकानाचा एक मिनिटाचा नुसता आवाज घेतला. नवी प्रत आज दुपारी खासगी ठेवून चढवली, आणि कोणताही दावा आलेला नाही. संगीत कंपनीकडून अजून काहीही उत्तर नाही.

वहिनींनी आज एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मला देता आले नाही. ते गाणे अण्णांच्या दिवंगत पत्नीचे आवडते होते. कार्यक्रमात आणि इंटरनेटवर नवीच प्रत वापरू, परंतु घरी अण्णांना पाहण्यासाठी गाण्यासह असलेली जुनी प्रत मिळेल का, असे त्या विचारतात.

हक्कसोड

खासगी आणि वैयक्तिक वापराला कलम ५२ मध्ये सूट आहे, आणि अण्णांनी ती प्रत घरी पाहण्यात मला दोष दिसत नाही. प्रश्न तुमचा आहे, कारण तुम्ही ती प्रत मोबदला घेऊन केलेल्या कामाचा भाग म्हणून देत आहात, आणि तेथे सूट लागू होते असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

शांत_खोली

निदान ती फाइल पुसून टाकू नका.